घड्याळ म्हणतं सगळं ठीक, बायको म्हणते तू मध्येच गप्प होतोस

सुहास_नाशिक | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, घोरण्यावर विनोद करायचे असतील तर खुशाल करा, घरी रोज ऐकतोच आहे.

वय ४७, वजन ८४ किलो, उंची पाच फूट सात, काम खुर्चीतलं. दिवाळीत ॲपल वॉच घेतलं, सिरीज १०. घेतलं होतं पावलं मोजायला, नंतर कळलं की झोपेतल्या श्वासावरही लक्ष ठेवतं. तेव्हापासून जवळपास रोज रात्री घालून झोपतो. फोनमधल्या हेल्थ ॲपमध्ये `Breathing Disturbances` असा आलेख येतो. त्यातल्या बहुतेक रात्रींना `Not Elevated` लिहिलेलं असतं आणि सूचना म्हणाल तर आजवर एकही नाही. शिवाय घड्याळातल्या `Noise` ची सूचना ८० डेसिबलवर लावून ठेवली. म्हटलं, बाकी काही नाही तर घोरण्याचा आवाज तरी पकडेल. तीही रात्री कधी आली नाही.

आता बायकोचं म्हणणं. "घोरतोस त्याचं काही नाही, वीस वर्षांत सवय झाली. पण मध्येच एकदम गप्प होतोस आणि मग म्हशीसारखा फुत्कार टाकून पुन्हा सुरू होतोस. ते गप्प होणं मला आवडत नाही." परवा तिने अंधारात मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तीन वेळा ती शांतता मोजली. १७, २२ आणि १९ सेकंद.

आता खरं कोणाचं मानायचं? घड्याळात माझं काही लावायचं राहिलंय का?

---

गॅजेट_गणेश | रात्री ११:०५

मशीनचं मान रे. या फीचरला सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळालीय, उगाच नाही. साधं लॉजिक आहे: श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, घड्याळ मागून लाल दिवा मारून तो बघतं. तुझा खाली येत नसेल म्हणून `Not Elevated`. माझा रात्रीचा ९५-९६ असतो, मीही घोरतो, मस्त आहे.

वहिनींचा कान जरा जास्तच तिखट असेल.

---

कोल्हापूरचे_तात्या | रात्री ११:२०

ह्या आवाजाच्या सूचनेबद्दल बरं विचारलंत. आमच्या गल्लीत गणपतीत स्पीकरची भिंत लागते. गेल्या वर्षी माझ्या मनगटावर घड्याळ सारखं थरथरत होतं, तीन मिनिटांची सरासरी ९६ दाखवत होतं. मंडळाच्या पोरांना दाखवलं तर म्हणाले, काका घड्याळ काढून ठेवा. हा स्क्रीनशॉट पोलिसांत चालतो का?

---

मृणाल_जो | सोमवार, सकाळी ७:१५

मी पुण्यात एका स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रात्रभर लोकांना वायरी लावून त्यांना झोपलेलं बघणं हाच व्यवसाय, गेली अकरा वर्षं. आत्ताच रात्रपाळी संपवून आले, म्हणून थोडक्यात.

गणेश, मंजुरीचं बरोबर आहे, पण हे फीचर ऑक्सिजन बघत नाही. ते बघतं मनगटाची हालचाल. घड्याळात पावलं मोजायला जो ॲक्सेलरोमीटर असतो, तोच. श्वास घेताना छाती वरखाली होते, तिची अगदी बारीक लय मनगटापर्यंत येते. घशाची वाट बंद झाली की ती लय बिघडते, माणूस आतल्या आत जोर लावतो, शेवटी मेंदू अर्धवट जागा होतो, एक धाप, एक झटका आणि श्वास पुन्हा सुरू. सुहास, वहिनी ज्याला फुत्कार म्हणतात तो हाच. घड्याळ ह्या सगळ्याची सावली मनगटावर शोधतं. आवाज ऐकत नाही, हवा मोजत नाही.

म्हणजे घोरणं हा त्याचा विषयच नाही. तुम्ही रात्रभर ढोल वाजवल्यासारखे घोरलात, पण श्वास अडकला नाही, तर आलेख शांतच राहील. आणि ते बरोबरच आहे.

आणि गणेश, तुझा ९५-९६. घड्याळ रात्री ऑक्सिजन तुरळक वेळा तपासतं, सलग नाही. अडथळा वीस सेकंदांचा, त्यानंतरची घसरण थोडी उशिरा येते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात भरून निघते. अधूनमधून खिडकी उघडून बघणाऱ्याला चोर दिसला नाही, तर त्यावरून चोर आलाच नव्हता असं म्हणता येत नाही.

बाकीचं झोपून उठल्यावर.

---

गॅजेट_गणेश | सकाळी ९:३०

ओके, हालचालीचं माहीत नव्हतं. पण सॅमसंगचं ऑक्सिजनवरच चालतं ना? तिथून डोक्यात बसलं असेल.

---

शर्वरी_न्यूजर्सी | सकाळी १०:१०

हो, सॅमसंगचं ऑक्सिजनवर. मी वापरलंय. त्यात दहा दिवसांच्या आत दोन रात्री द्यायच्या, प्रत्येक रात्री चार तासांपेक्षा जास्त झोप, आणि मग एकदाच उत्तर येतं. ॲपलसारखं महिनाभर थांबायचं नाही. माझं उत्तर "चिन्हं नाहीत" आलं.

पण गंमत पुढे आहे. सॅमसंगमध्ये घोरणं पकडायची सोय वेगळी आहे आणि ती घड्याळात नसून फोनच्या मायक्रोफोनवर चालते. फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवायचा. सकाळी त्याने सांगितलं, तुम्ही १ तास ५० मिनिटं घोरलात. मी हादरले. दोन दिवसांनी रेकॉर्डिंग ऐकलं तर नवरा! त्याच्या घोरण्याला मधूनमधून "हं" अशी शेपटी असते, मी झोपेतही ओळखीन. फोनला काय माहीत पलंगावर कोण कोण आहे.

त्यामुळे सुहास, मिसेसनी मोजलेलं जास्त खरं मानीन. निदान त्यांना माहीत आहे कोण गप्प झालं.

---

परेश_ध्वनी | दुपारी १:४५

`Noise` च्या सूचनेबद्दल मी सांगतो, साउंड इंजिनिअर आहे.

सुहास, ती घोरण्याला कधीच वाजणार नाही, कारण ती कान बिघडू नयेत म्हणून आहे, झोप बिघडू नये म्हणून नाही. सूचनेचा सगळ्यात खालचा आकडा ८०. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, त्याच्या वर गेलं की कानाला धोका. तिथून ती पट्टी सुरू होते.

दुसरं म्हणजे ती क्षणाचा आवाज बघत नाही, तीन मिनिटांची सरासरी बघते. ही सरासरी आकड्यांची नसते, ऊर्जेची असते. उदाहरण घ्या. माझे वडील जोरात घोरतात, हातभर अंतरावर मीटर धरून मी ६० पर्यंत मोजलंय. समजा घोर दीड सेकंद, मग अडीच सेकंद शांतता. म्हणजे वेळेच्या जेमतेम ३८ टक्के आवाज. तीन मिनिटांची सरासरी येते साधारण ५६. ८० च्या आसपासही नाही. ह्याच लयीत सरासरी ८० ला पोचवायची तर प्रत्येक घोर ८४ डेसिबलचा हवा, तोही मनगटापाशी. तेवढं घोरणारा माणूस सोसायटीत राहू शकत नाही.

उलट बाजूही बघा. मनगटाजवळ कुकरची शिट्टी झाली, ९५ डेसिबल, पाच सेकंद, आणि बाकी तीन मिनिटं शांतता. सरासरी ७९.४. दचकलात, पण सूचना नाही. त्यात रात्री हात पांघरुणाखाली किंवा उशीखाली असतो, मायक्रोफोनचं भोक तिथेच दाबलं जातं. तेव्हा रात्रीचा आवाजाचा आलेख बघून कसलाही निष्कर्ष काढू नका.

तात्या, तुमचं ९६ खरं असण्याची शक्यता भरपूर, कारण मंडळाचा आवाज सलग असतो, सरासरीला तोच तर लागतो. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालेल असं वाटत नाही, तिथे तपासून घेतलेलं मीटर लागतं. तक्रारीसोबत जोडा हवं तर, मोजायला माणूस यावा एवढ्यापुरतं. पण एक लक्षात घ्या. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम २००० चे, त्यात निवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा ४५ डेसिबल. तुमचं घड्याळ ८० पर्यंत गप्प बसणार. म्हणजे मंडळ ७५ वर वाजवत असेल तर नियम कधीच मोडलाय आणि मनगटावर सगळं शांत आहे.

---

कोल्हापूरचे_तात्या | दुपारी २:०५

७५ वर वाजवणारं मंडळ दाखवा, मी वर्गणी दुप्पट देतो.

---

मृणाल_जो | सायंकाळी ५:३०

झोप झाली. आता सुहासच्या मुख्य प्रश्नाकडे.

ॲपलने ह्या फीचरची तपासणी केली तेव्हा साधारण पंधराशे लोकांची खऱ्या स्लीप टेस्टशी तुलना केली होती. ते आकडे त्यांनीच प्रसिद्ध केलेत. त्यातले दोनच लक्षात ठेवा. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याचा आजार. ज्यांना तो तीव्र होता, त्यांच्यातल्या १०० पैकी ८९ जणांना घड्याळाने पकडलं. ज्यांना मध्यम होता, त्यांच्यातल्या १०० पैकी फक्त ४३. मध्यम म्हणजे दर तासाला १५ ते ३० वेळा श्वास अडकणं किंवा उथळ होणं, तीव्र म्हणजे ३० च्या वर. पाच ते पंधराच्या सौम्य प्रकाराचा तर ते दावाच करत नाहीत.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना मध्यम किंवा तीव्र ॲप्निया नव्हता अशांपैकी साडेअठ्ठ्याण्णव टक्के लोकांना सूचना गेली नाही. हे मुद्दाम असंच ठेवलंय. लाखो मनगटांवर घड्याळं आहेत, उगाच घाबरवलं तर उद्या आमच्या लॅबबाहेर रांग लागेल. म्हणून उंबरठा वर ठेवला आणि त्याची किंमत म्हणून मध्यमवाले निम्म्याहून जास्त निसटतात. सूचना आली तर ती गंभीरपणे घ्या, तपासणी करा. सूचना नाही आली तर त्यावरून फारसं काही कळत नाही. हे ते स्वतःही लिहितात, फक्त ते वाचायला आपण थांबत नाही.

अजून एक. सूचना एका रात्रीवर येत नाही. तीस दिवसांची खिडकी असते आणि त्यात निदान दहा रात्रींची माहिती लागते. शिवाय रात्री सातत्याने वर असायला हव्यात. चार रात्री खराब आणि वीस बऱ्या, तर घड्याळ गप्प.

म्हणून सूचना सोडा, आलेख उघडा. `Breathing Disturbances` वर महिना निवडा. काही रात्री `Elevated` आहेत का? असतील तर त्या रात्री काय वेगळं होतं ते आठवा.

---

अनिकेत_डोंबिवली | सायंकाळी ६:१०

मी सिरीज ८ वापरतो, मला हा आलेखच सापडत नाही. अपडेट सगळं केलंय.

---

मृणाल_जो | सायंकाळी ६:२०

सिरीज ८ ला नाही मिळत. सिरीज ९ पासून पुढे आणि अल्ट्रा २ पासून.

---

आबा_सातारा | सायंकाळी ७:००

आमच्या वडिलांचं घोरणं वाड्याच्या बाहेर ऐकू जायचं. ऐंशी वर्षं जगले. तेव्हा घड्याळ भिंतीवर असायचं आणि ते फक्त वेळ सांगायचं.

---

शर्वरी_न्यूजर्सी | सायंकाळी ७:४०

आबा, दुपारी जेवल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढायचे का ते?

---

आबा_सातारा | सायंकाळी ७:५५

काढायचे की. कीर्तनातसुद्धा. सगळेच काढायचे.

---

सुहास_नाशिक | रात्री ९:५०

मृणालताई, आलेख उघडून बसलो होतो. गेल्या तीस दिवसांत २६ रात्रींची माहिती आहे, चार रात्री चार्जिंगला राहिलं. २६ पैकी ५ `Elevated`. म्हणजे मी `Not Elevated`च वाचत राहिलो, आणि हे पाच ठिपके वर बसलेत ते बघितलेच नाहीत.

आता त्या पाच रात्री. दोन शनिवार आहेत, मित्रांबरोबर बसणं झालं होतं. उरलेल्या तीन सलग आहेत, मंगळवार ते गुरुवार. कॅलेंडर बघितलं तर आठवलं, त्या आठवड्यात क्रिकेट खेळताना उजवा खांदा धरला होता. मी एरवी कुशीवर झोपतो, त्या तीन रात्री पाठीवर झोपलो कारण कुशीवर वळता येत नव्हतं.

बायकोने १७, २२, १९ कधी मोजले विचारलं. म्हणाली, खांदा दुखत होता त्याच आठवड्यात.

---

मृणाल_जो | रात्री १०:१५

हे तुम्ही फार छान शोधलंत. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि पाठीवर झोपलं की जीभ आणि टाळू मागे लोंबतात. दोन्हीने तीच वाट अरुंद होते. श्वास दहा सेकंदांहून जास्त थांबला तर आम्ही तो मोजतो, वहिनींच्या तिन्ही नोंदी त्यात बसतात.

तपासणी करा. घरच्या घरी होते तीही चालेल. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला क्लिप, एका रात्रीचं काम. त्यात हवा खरोखर आत-बाहेर जाते का ते मोजतात, जे घड्याळाला जमत नाही. नाकातली हवा थांबली पण छातीचा पट्टा जोर लावतोय, म्हणजे घशात अडथळा. दोन्ही थांबले, म्हणजे मेंदूकडून आदेशच आला नाही, तो वेगळा आजार आणि उपचारही वेगळा. मनगटाला हा फरक कळत नाही.

एक विनंती: त्या रात्री काही "नीट" वागायला जाऊ नका. रोज जसं झोपता तसं झोपा, पण थोडा वेळ तरी पाठीवर जाईल असं बघा. नाहीतर घड्याळाला चुकवलंत तसं तिलाही चुकवाल.

---

गॅजेट_गणेश | रात्री १०:४०

आलेखातला नेमका आकडा बघायचा असेल तर हेल्थ ॲपमधून सगळा डेटा एक्स्पोर्ट करा. त्या फाइलमध्ये हे शोधा:

```
HKQuantityTypeIdentifierAppleSleepingBreathingDisturbances
```

प्रत्येक रात्रीची किंमत मिळते. ती तासाला किती वेळा श्वास अडकला ह्याच्याइतकीच असणार.

---

मृणाल_जो | रात्री १०:५२

किंमत मिळते, पण ती तो आकडा नाही रे. आमचा आकडा हवेच्या प्रवाहावरून आणि ऑक्सिजनवरून मोजलेल्या घटनांचा. हा हालचालीवरून काढलेला अंदाज. आपली रात्र आपल्याच दुसऱ्या रात्रीशी ताडून बघायला ठीक, पण रिपोर्टच्या शेजारी ठेवून "माझं ११ म्हणजे सौम्य" असं कोणी डॉक्टरला सांगू नये. लोक सांगतात, म्हणून बोलले.

---

परेश_ध्वनी | रात्री ११:१०

एक शंका. पलंग एकच, गादी मऊ, शेजारचा माणूस दर मिनिटाला झटका देऊन कूस बदलतोय. हालचालच बघायची तर शेजाऱ्याची हालचाल माझ्या मनगटात शिरणार नाही का?

---

मृणाल_जो | रात्री ११:१८

प्रश्न चांगला आहे. लॅबमध्ये आमच्याकडे पेशंट एकटाच झोपतो, त्यामुळे मी पाहिलेलं नाही. अंदाजाने बोलणार नाही.

---

सुहास_नाशिक | तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ८:३०

अपडेट. घरी टेस्ट झाली, काल रिपोर्ट आला. जसा आहे तसा लिहितो.

एकूण नोंद ६ तास. श्वास अडकण्याच्या किंवा उथळ होण्याच्या घटना १२६. म्हणजे तासाला २१. मध्यम.

पण त्याच्या खाली झोपण्याच्या स्थितीप्रमाणे तक्ता आहे आणि तो वाचून डोळे उघडले. पाठीवर २ तास २४ मिनिटं, त्यात १०१ घटना, म्हणजे तासाला ४२. कुशीवर ३ तास ३६ मिनिटं, त्यात २५ घटना, म्हणजे तासाला ७. एकाच रात्रीत, एकाच माणसाचं.

त्या रात्री घड्याळही घातलं होतं. त्याने ती रात्र `Elevated` दाखवली. म्हणजे त्या रात्रीपुरतं ते चुकलं नव्हतं. मीच एरवी बहुतेक रात्री कुशीवर काढतो, त्यामुळे महिन्याच्या हिशेबात सूचना देण्याइतका "सातत्याने" आजारी ठरत नव्हतो.

डॉक्टर म्हणाले वजन सहा-सात किलो उतरवा, पाठीवर झोपणं बंद, शनिवारच्या बैठका बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू. सीपॅप मशीनचंही बोलले, मास्कमधून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवणारं. मला ते तोंडावर मास्क लावून झोपणं झेपेल असं वाटत नाही. कोणी वापरतं का?

---

अनिकेत_डोंबिवली | सकाळी ९:००

माझे सासरे वापरतात. पहिले पंधरा दिवस शिव्या दिल्या, आता प्रवासातही बॅगेत असतं. आवाज पंख्याइतका.

---

मृणाल_जो | सकाळी ११:२०

सुहास, एक बारकावा. घरच्या टेस्टमध्ये डोक्याला वायरी नसतात, त्यामुळे तुम्ही खरंच किती वेळ झोपला होतात हे तिला कळत नाही. ती घटनांना नोंदीच्या वेळेने भागते. सहापैकी एक तास तुम्ही छताकडे बघत पडला असाल तर भागायला पाहिजे पाचने, आणि २१ चे २५ होतात. त्यामुळे २१ हा कमीत कमी धरा.

मास्क की कूस, हा निर्णय डॉक्टरांचा. तुमच्या तक्त्यासारखा तक्ता असलेल्यांना कुशीवर राहण्याचा चांगला उपयोग होतो हे मी पाहिलंय, पण रात्रभर कुशीवर राहणं बोलण्याइतकं सोपं नाही.

आणि आता निदान झालंय, तेव्हा घड्याळाची ती सूचना तुमच्यासाठी नाही. ती ज्यांचं निदान झालेलं नाही अशांसाठीच आहे. आलेख बघत राहा हवं तर, पण उपचार लागू पडतोय का हे त्यावरून ठरवू नका.

---

गॅजेट_गणेश | दुपारी १२:१५

हे मला पटत नाही. आलेखात त्याची खराब रात्र बरोबर दिसलीच ना? मग उपचारानंतर ठिपके खाली आले तर तो पुरावा का नाही? दर महिन्याला कोण टेस्टचे पैसे भरणार?

---

मृणाल_जो | दुपारी १२:४०

कारण ४२ चे १८ झाले तरी ठिपके खाली येतील, आणि १८ म्हणजे अजून मध्यमच. एका रात्री जुळलं म्हणून बाकीच्या रात्रींचं काय, हे तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. खर्चाचं तुझं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

आबा_सातारा | दुपारी ३:३०

बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घाला. पाठीवर गेला की टोचतो, माणूस आपोआप वळतो. आमच्याकडे एकजण करायचा. त्याची बायको म्हणायची, आता तो घोरत नाही, कण्हतो.

---

सुहास_नाशिक | पुढच्या शुक्रवारी, रात्री ११:५५

ही मी, सुहासची बायको, त्याच्या खात्यावरून. तो झोपलाय, चेंडूच्या बनियनवर, डाव्या कुशीवर.

इथे सगळ्यांना प्रश्न पडला असेल की आता घोरणं थांबलं का. नाही थांबलं. कुशीवरही घोरतो, थोडं हळू. आज अर्धा तास स्टॉपवॉच घेऊन बसले होते. गप्प झाला फक्त एकदा, अकरा सेकंद. बाकी सलग घोरतोय.

घोरू दे.